मशीनचे पैसे मोजण्याआधी ऑडिओग्राम वाचा

कानाच्या तपासणीच्या खोलीतून बाहेर पडलं की हातात एक कागद येतो. त्यावर चौकटींची जाळी, लाल गोल, निळ्या फुल्या, त्यांना जोडणाऱ्या दोन रेषा आणि तळाशी इंग्रजीत एखाद-दुसरी ओळ असते. हाच ऑडिओग्राम. बहुतेक घरांत तो कुणी वाचत नाही. वाचलं जातं ते त्याला टाचलेलं कानाच्या मशीनचं कोटेशन, आणि त्यावर 'दोन्ही कानांना, जोडी' असं लिहून समोर लाखाच्या पुढचा आकडा असतो.

ते कोटेशन बरोबर आहे की नाही, हे त्या जाळीतच लिहिलेलं असतं. प्रत्येक कानाबद्दल हा आलेख तीन गोष्टी सांगतो: किती कमी ऐकू येतं, कोणते आवाज कमी येतात आणि दोष कानाच्या कोणत्या भागात आहे. खिशाचा प्रश्न असेल तर यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर तो पुष्कळदा साफसफाईने, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने कमी होतो. आतल्या कानाची झीज मात्र भरून येत नाही, तिथे मशीनचाच आधार घ्यावा लागतो. एकाच माणसाच्या दोन कानांत हे दोन वेगळे दोष असू शकतात, आणि तेव्हा 'जोडी' घेणं म्हणजे निम्मे पैसे चुकीच्या जागी घालणं ठरू शकतं.

तपासणीला किती पैसे लागतात

खासगी दवाखान्यात नुसत्या ऑडिओमेट्रीचे साधारण ५०० ते १,५०० रुपये होतात. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोमेट्री, जिला अनेक ठिकाणी 'इम्पिडन्स' म्हणतात, तिचे आणखी ४०० ते १,००० धरा. शब्द ओळखण्याची चाचणी कुठे वेगळी लावतात, कुठे ऑडिओमेट्रीतच धरतात. सगळं मिळून तीन हजारांच्या आत काम होतं, डॉक्टरांची फी वेगळी. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत केसपेपर आणि नाममात्र शुल्कात हीच तपासणी होते. तिथे मोजायचा असतो तो वेळ. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था असून तिथे पूर्ण तपासणी अल्प दरात होते.

मशीनच्या दुकानात तपासणी 'मोफत' असते. त्यात वाईट काही नाही, पण ती किती पूर्ण आहे ते पाहावं. वेळ घेण्यासाठी फोन कराल तेव्हाच विचारा: हवेतून आणि हाडातून, दोन्ही तपासण्या होतील ना? लागलं तर मास्किंग कराल ना? खोली आवाजबंद आहे का? तपासणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट आहे का आणि रिपोर्टवर तिचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक येईल का? या प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील तर पैसे लागोत की न लागोत, तपासणी चांगली.

जाण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान एकदा पाहून घ्या. मळाने पूर्ण बंद झालेला कान तीस-चाळीस डेसिबलपर्यंत खोटा दोष दाखवू शकतो. मळ काढायला काहीशे रुपये लागतात. मळासकट काढलेल्या ऑडिओग्रामवर घेतलेलं मशीन फारच महाग पडतं. तपासणीच्या आदल्या दिवशी बँड, डीजे, ग्राइंडर, ड्रिल अशा मोठ्या आवाजापासून लांब राहा, कारण त्याने कान तात्पुरते बधिर होतात आणि आलेख खाली सरकतो.

जाळी कशी वाचायची

आडव्या दिशेने आवाजाची पट्टी असते. डावीकडे २५० हर्ट्झचे खर्जातले आवाज, मग ५००, १०००, २०००, ४००० आणि अगदी उजवीकडे ८००० हर्ट्झचे बारीक, तीक्ष्ण आवाज. उभ्या दिशेने आवाजाचा जोर डेसिबलमध्ये असतो, आणि तो वरून खाली वाढत जातो. म्हणजे रेषा जितकी वर तितका कान चांगला, जितकी खाली तितका आवाज मोठा करावा लागला. तपासणीच्या वेळी 'टूं टूं' ऐकू आल्यावर तुम्ही बटण दाबता. तंत्रज्ञ आवाज दहाने कमी करतो, ऐकू येईनासा झाला की पाचने वाढवतो, आणि असं करत करत निम्म्या वेळा तरी ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज गाठतो. त्या ठिकाणी एक खूण होते. जाळीतली प्रत्येक खूण अशी उंबरठ्याची असते.

शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे इथलं शून्य. तसंच ६० डेसिबल म्हणजे '६० टक्के बहिरेपण' नव्हे. डेसिबल ही टक्केवारी नाही; दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. 'काकांचा कान साठ टक्के गेलाय' असं कुणी म्हणालं तर त्या साठचा अर्थ नीट विचारा.

खुणांची भाषा बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. लाल रंग उजव्या कानाचा, निळा डाव्याचा. हेडफोनमधून, म्हणजे हवेतून तपासलेल्या उजव्या कानाची खूण गोल, डाव्याची फुली. कानामागच्या हाडावर छोटा कंपक ठेवून जी तपासणी होते तिची खूण उजवीकडे `<` आणि डावीकडे `>`. दुसऱ्या कानात मुद्दाम आवाज सोडून, म्हणजे मास्किंग करून, घेतलेल्या खुणा बदलतात: हवेसाठी उजवीकडे त्रिकोण आणि डावीकडे चौकोन, हाडासाठी उजवीकडे `[` आणि डावीकडे `]`. खुणेला खाली बाण असेल तर मशीनच्या कमाल आवाजालाही कानाने उत्तर दिलेलं नाही.

हवा आणि हाड, दोन्ही तपासण्या का, हे एकदा समजलं की आलेख निम्मा उलगडतो. हेडफोनमधला आवाज कानाची नळी, पडदा, मधल्या कानातली तीन छोटी हाडं आणि मग आतला कान असा पूर्ण रस्ता चालतो. हाडावरचा कंपक कवटीतून थेट आतल्या कानाला हलवतो. नळी आणि पडदा वाटेत येतच नाहीत. हवेची खूण खाली आणि हाडाची वर असेल तर आतला कान बरा आहे, अडथळा रस्त्यात आहे. दोन्ही खुणा एकत्र खाली असतील तर रस्ता मोकळा आहे, दोष आतच आहे. या दोन खुणांमधल्या अंतराला दवाखान्यात 'एअर-बोन गॅप' म्हणतात. दहा डेसिबलपेक्षा जास्त गॅप सलग दिसली तर तिच्याकडे लक्ष द्यायचं.

एक रिपोर्ट, दोन कान

उदाहरण म्हणून ६४ वर्षांच्या एका निवृत्त एसटी चालकाचा रिपोर्ट घेऊ. तक्रार अशी की टीव्ही मोठा लागतो, नातवंडांचं बोलणं कळत नाही आणि फोन ते नेहमी उजव्या कानालाच लावतात. लहानपणी डावा कान वाहायचा, पुढे थांबला. आकडे असे:

| हर्ट्झ | ५०० | १००० | २००० | ४००० |
|---|---|---|---|---|
| उजवा, हवा | २० | २५ | ४५ | ६५ |
| उजवा, हाड | १५ | २५ | ४५ | ६० |
| डावा, हवा | ६० | ६० | ६० | ७५ |
| डावा, हाड (मास्किंग करून) | १५ | २५ | ४० | ६० |

आधी उजवा कान. डावीकडच्या खर्जात रेषा वर आहे, आणि उजवीकडे जाताना ती घसरगुंडीसारखी उतरते. हवा आणि हाड जवळजवळ एकावर एक आहेत, म्हणजे गॅप नाही. दोष आतल्या कानाचा, वयाचा आणि वर्षानुवर्षांच्या इंजिनाच्या आवाजाचा. बोलण्यातले स्वर आणि 'म', 'न' यांसारखे आवाज खर्जात असतात, ते या कानाला नीट येतात. 'स', 'श', 'थ', 'फ' यांचा जोर २००० हर्ट्झच्या पुढे असतो, आणि तिथे कान उघडतच नाही. म्हणून या माणसाला 'सात', 'हात' आणि 'भात' यांतला 'आत' ऐकू येतो, पहिलं अक्षर निसटतं. 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही तक्रार नेमकी याच आकाराच्या रेषेची असते. अशा कानाशी ओरडून बोललं तर आधीच ऐकू येणारा खर्ज वाढतो आणि कळायचं ते कळत नाहीच.

याच कानाच्या खाली रिपोर्टमध्ये 'सौम्य दोष' असं लिहिलेलं असू शकतं, आणि ते चूक नाही. जुन्या, अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ५००, १००० आणि २००० या तीनच आकड्यांची सरासरी काढतात. ती इथे ३० येते, आणि २६ ते ४० हा सौम्य गट. पण ४००० वरचे ६५ त्या सरासरीत नाहीत. ते धरले तर चारांची सरासरी जवळपास ३९ होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत, जिथे ३५ पासून मध्यम गट सुरू होतो, हाच कान 'मध्यम' ठरतो. कान तोच, आकडे तेच, शिक्का वेगळा. म्हणून शिक्क्यावर खर्च ठरवू नका. रेषा कुठे आणि किती उतरते ते बघा.

आता डावा कान. हवेची रेषा सपाट, ६० वर. हाडाच्या खुणा मात्र उजव्या कानाच्या हाडाएवढ्याच वर आहेत. ५०० वर गॅप ४५ ची, १००० वर ३५ ची, २००० वर २० ची आणि ४००० वर १५ ची. खर्जात मोठी आणि पुढे कमी होत जाणारी ही गॅप पडद्याला भोक असलेल्या कानात नेहमी दिसते, आणि लहानपणी कान वाहायचा या माहितीशी ती जुळते. याला मिश्र दोष म्हणतात. वरचा थर मधल्या कानाचा आहे, त्याखाली उजव्या कानासारखीच वयाची झीज आहे. आतल्या कानापुरतं बोलायचं तर दोन्ही कान सारखेच आहेत.

टिम्पॅनोमेट्रीचा कागद इथे साक्षीदार ठरतो. डाव्या कानाचा आलेख डोंगरासारखा न येता सपाट आला असेल (त्याला 'बी' प्रकार म्हणतात) आणि शेजारी कानाच्या नळीचं आकारमान नेहमीपेक्षा बरंच मोठं, म्हणजे प्रौढाला अडीच मिलिलिटरच्या वर लिहिलं असेल, तर पडद्याला भोक आहे. सपाट आलेख पण आकारमान नेहमीचं असेल तर पडद्यामागे पाणी साठलेलं असण्याची शक्यता जास्त. ऑडिओग्राम आणि हा कागद एकमेकांशी जुळत नसतील तर कुठलाही निर्णय घेण्याआधी दोन्ही तपासण्या पुन्हा करून घ्या.

मास्किंग झालं होतं का?

डाव्या कानाचं हे सगळं वाचन एका गोष्टीवर उभं आहे: त्या हाडाच्या खुणा खरंच डाव्या कानाच्या आहेत ना? कंपक डाव्या कानामागे ठेवला तरी कवटी सगळीच हलते, आणि चांगला उजवा कान ते कंप ऐकून बटण दाबायला लावतो. तसं झालं तर डाव्या कानाची नस कितीही खराब असो, रिपोर्टमध्ये त्याचं हाड चांगलंच दिसणार. मग खोटी गॅप तयार होते, आणि खोट्या गॅपवर शस्त्रक्रिया झाली तर पडदा जुळतो पण ऐकू काहीच वाढत नाही.

हे टाळण्यासाठी उजव्या कानात नळाच्या धारेसारखा सूं-सूं आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात आणि मग डावा तपासतात. तपासणी झाल्यावर घरच्या माणसाला विचारा: एका कानात सतत सूं-सूं आवाज सोडला होता का? कागदावर बघा: डाव्या हाडाची खूण `]` आहे की नुसती `>`? दोन कानांत मोठा फरक असून खुणा मास्किंगविना असतील तर तो रिपोर्ट अर्धवट आहे. जिथे केला तिथेच पूर्ण करून मागा.

हवेच्या तपासणीतही हीच गोम आहे. हेडफोनचा आवाज साधारण ४० डेसिबलच्या वर गेला की तो कवटीतून पलीकडच्या कानात पोचू लागतो. एक कान उत्तम आणि दुसरा पूर्ण निकामी असेल, आणि मास्किंग केलं नसेल, तर निकामी कानाचीही एक रेषा येते. ती चांगल्या कानाच्या रेषेच्या आकाराची, तिच्या पन्नास-साठ डेसिबल खाली उतरलेली असते. तिला सावलीची रेषा म्हणतात. रिपोर्टमध्ये हा कान 'मध्यम-तीव्र' दिसतो आणि त्याला मशीनही सुचवलं जातं, पण ज्या कानात ऐकण्याची क्षमताच उरलेली नाही तिथे मशीन फक्त बॅटरी खातं. घरी एक सोपी परीक्षा करता येते. फोन त्या कानाला लावून फक्त 'हॅलो' तरी येतं का ते बघा. काहीच येत नसेल आणि कागदावर ६० लिहिलं असेल तर काहीतरी चुकलं आहे.

दुकानातल्या उघड्या खोलीतली चूक वेगळ्या जागी दिसते. रस्त्याचा आणि एसीचा आवाज खर्जाचा असतो. तो २५० आणि ५०० हर्ट्झच्या हळू आवाजांना गिळतो. त्यामुळे दोन्ही कानांची रेषा डावीकडे उगाच खाली बसते आणि उतरती रेषा सपाट भासते. हाडाच्या खुणा नाहीत, खर्जाचे आकडे दोन्ही कानांत सारखेच ३०-३५ आहेत आणि खोली आवाजबंद नव्हती, असं असेल तर त्या आकड्यांवर मशीनची निवड करू नका.

दोन कानांची दोन बिलं

आपल्या एसटी चालकाकडे परत येऊ. 'जोडी' घेतली असती तर डाव्या कानात मशीन गेलं असतं, आणि भोक असलेला कान मोल्डने बंद केला की तो पुन्हा वाहू लागण्याची भीती असते. त्याऐवजी आलेख सांगतो की डाव्या कानाचं पहिलं बिल कान-नाक-घसा तज्ज्ञांचं. पडदा बसवण्याची टिम्पॅनोप्लास्टी खासगी रुग्णालयात साधारण ४० हजार ते एक लाखाच्या दरम्यान पडते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत फार कमी खर्चात होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. गॅप पूर्ण बुजेल अशी आशा धरू नये. पडदा नीट जुळला तर १० ते २० डेसिबल गॅप उरते असं धरलं तरी डाव्या कानाची सरासरी ६० वरून ४० च्या आसपास येते. शस्त्रक्रिया नको असेल तर कान कोरडा राहतो की नाही हे पाहून नळी उघडी ठेवणारं मशीन लावता येतं. तो निर्णय डॉक्टरांनी कान पाहूनच घ्यायचा.

उजव्या कानाला मशीन लागेल, आणि रेषेचा आकारच सांगतो कोणतं. खर्ज चांगला आहे, त्यामुळे नळी ठासून भरणारं, कानाच्या आत बसणारं छोटं मशीन घेतलं तर स्वतःचाच आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतो. कानामागे बसणारं, बारीक तार आणि उघड्या रबरी टोपीचं मशीन इथे योग्य. त्याला 'आरआयसी' म्हणतात. बाहेरून दिसू नये म्हणून जास्त पैसे देऊन अगदी आतलं मशीन घेणाऱ्यांची तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

किमतीचा आणि दोषाच्या प्रमाणाचा थेट संबंध नाही. एका कानाचं साधं डिजिटल मशीन १५ ते २५ हजारांत मिळतं, मधल्या दर्जाचं ४० ते ८० हजारांत, आणि वरच्या दर्जाचं लाखाच्या पुढे. जास्त पैसे जातात ते गोंगाट कमी करण्याच्या सोयी, दिशा ओळखणारे मायक्रोफोन, ब्लूटूथ आणि चार्जिंगसाठी. तीव्र बहिरेपणाचं ताकदवान मशीन स्वस्त असू शकतं आणि सौम्य दोषाचं महाग. दिवसातला बहुतेक वेळ घरात दोन-तीन माणसांत जात असेल तर मधल्या दर्जाने भागतं. सभा, दुकान, लग्नकार्यं यांत वावर असेल तर गोंगाटाची सोय उपयोगी पडते. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात मशीनवर कर लावलेला दिसला तर विचारा. बॅटरीवर कर असतो. सेलचं मशीन असेल तर ३१२ आकाराचा सेल साधारण आठवडाभर चालतो. सहा सेलचं पाकीट दोन-तीनशे रुपयांना धरलं तर एका कानाचा वर्षाचा खर्च दोन-तीन हजार होतो. पाच वर्षं मशीन वापरणार असाल तर तो किमतीत धरा.

मशीनचा उपयोग कितपत होईल हे जाळी सांगत नाही. ते शब्दांच्या चाचणीत कळतं. आरामात ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात शब्द ऐकवतात आणि किती बरोबर सांगितले याची टक्केवारी काढतात. ही टक्केवारी मात्र खरीच टक्केवारी असते. उजव्या कानाचा गुण ८८ असेल तर आवाज वाढवल्यावर शब्द कळतात, मशीनचे पैसे सार्थकी लागतील. तोच गुण ४० असेल तर लाखाचं मशीन लावूनही निम्मे शब्द निसटतील. मशीन नको असं नाही, पण वरच्या दर्जासाठी जादा मोजताना हे माहीत असावं. शब्द मराठीत ऐकवले पाहिजेत. मराठी घरातल्या आजींना इंग्रजी शब्दांवर मिळालेला कमी गुण कानाचा नसतो, भाषेचा असतो.

प्रमाणपत्रासाठी कोणते आकडे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या आवाजाच्या पट्ट्यात ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' आणि ७० डेसिबल दोष असेल तर 'कर्णबधिर' अशी व्याख्या आहे. सवलतींसाठी साधारणपणे किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन मिळतं: चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले पाच, अधिक वाईट कानाची टक्केवारी, भागिले सहा. म्हणून एक कान शंभर टक्के गेलेला आणि दुसरा पूर्ण चांगला असेल तर उत्तर १७ टक्क्यांच्या आत येतं आणि प्रमाणपत्राचा लाभ मिळत नाही. आपल्या एसटी चालकाचा उजवा कान त्या मर्यादेपेक्षा बराच चांगला आहे, त्यामुळे 'प्रमाणपत्र काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. अर्ज swavlambancard.gov.in वर करायचा असतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयातच होते. खासगी ऑडिओग्राम तिथे फक्त माहितीसाठी.

कधी थांबायचं नाही

दोन प्रकारचे आलेख मशीनवाल्याकडे नव्हे, डॉक्टरकडे घेऊन जायचे असतात. पहिला, एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक खाली गेलं आणि गॅप नाही. यात उपचार जितके लवकर तितके उपयोगी; पहिले दोन आठवडे फार मोलाचे, त्यामुळे 'मळ असेल, बघू' म्हणत आठवडा घालवू नये. दुसरा, दोन्ही कानांच्या हाडाच्या खुणांतच मोठा फरक, म्हणजे लागोपाठच्या दोन-तीन पट्ट्यांवर पंधरा-वीस डेसिबलचा. आतल्या कानाचा एकतर्फी दोष असेल तर नसेवरची गाठ नाही ना हे पाहायला डॉक्टर एमआरआय सांगतात. त्याला सहा ते बारा हजार लागू शकतात आणि तिथे काटकसर करायची नसते. आपल्या उदाहरणात दोन कानांच्या हवेच्या रेषेत चाळीसपर्यंतचा फरक आहे, पण हाडाच्या खुणा सारख्या आहेत. फरक पडद्याने पाडलेला आहे, म्हणून केवळ या फरकासाठी एमआरआयचा खर्च करण्याचं कारण नाही.

पुढच्या वर्षी तपासणी कराल तेव्हा जुना ऑडिओग्राम बरोबर न्या. पाच डेसिबलचा फरक तपासणीतच पडतो. तेवढ्यावर 'कान आणखी गेला, मशीन बदला' असं कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका. एकापेक्षा जास्त पट्ट्यांवर १० ते १५ डेसिबलची घसरण झाली असेल, आणि ती दुसऱ्यांदा तपासल्यावरही दिसली, तरच ती खरी समजा. त्या वेळीही बहुधा नवं मशीन लागत नाही. त्याच मशीनमध्ये नव्या ऑडिओग्रामप्रमाणे आवाज बसवून मिळतो, आणि ही सोय किती वर्षं फुकट मिळेल हे पहिलं मशीन घेतानाच बिलावर लिहून घ्यायचं असतं.